मित्राच्या लग्नात बोलावयाचे चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बारामती येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस भाषेविषयी काहीतरी भारदस्त बोलण्याची आज्ञा केली होती. आम्ही ती आज्ञा अर्धीच पाळणार आहोत. बोलणार आहोत भाषेविषयीच. परंतु विषय अगदी लहान निवडला आहे. इंदापूर तालुक्यातील एका मळ्यात, आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाच्या लग्नानंतरच्या पूजेस, त्याच्या परप्रांतीय मित्राने मराठीत एक भाषण केले. ते पुरते एक मिनिटही चालले नसेल. ते तयार करण्यात आमचा थोडा हात होता. त्या एका मिनिटामागे दहा संध्याकाळी कशा खर्ची पडल्या आणि त्यांत आम्हांस स्वतःच्या भाषेविषयी काय कळले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

इंग्रजांच्या रीतीप्रमाणे लग्नाच्या मेजवानीत वराचा जिवलग मित्र उठून उभा राहतो, चार शब्द बोलतो आणि पेला उंचावतो. यास ते ‘टोस्ट’ म्हणतात. आपल्याकडे टोस्ट म्हटला की चहात बुडवावयाचा, आणि गंमत अशी की मूळ अर्थही त्याहून फार दूर नाही. पूर्वी त्या देशात मद्याच्या पेल्यात भाजलेल्या पावाचा मसालेदार तुकडा टाकीत, त्यावरून हे नाव पडले. आपल्या लग्नात पेला नाही. मित्राने बोलावे अशी ठरलेली जागाही नाही. आपल्याकडे बोलतात ते पुढारी, आणि तेही अक्षता पडण्यापूर्वी. मित्र बिचारा पंगतीत वाढण्याच्या कामी असतो. म्हणूनच हा लखनौचा तरुण आमच्या दारी येऊन “मला मित्राच्या लग्नात बोलायचे आहे” असे हिंदीत म्हणाला, तेव्हा आम्हांस प्रथम कौतुक वाटले आणि मागाहून पेच पडला.

हा तरुण बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस. इंदापूरकडील आपला मुलगा त्याच्याच खोलीत भाड्याने राहणारा. परक्या गावात एका खोलीत राहिलेल्या दोघांचा स्नेह कसा जमतो ते आपण जाणताच. एकदा या लखनौकरास मोठा ताप आला, तेव्हा मित्राने त्यास उचलून आपल्या मळ्यावर नेले. तेथे मित्राच्या आजीने त्यास चार दिवस भाकरी-दूध घालून उभे केले. आजींना हिंदी येत नाही. यास तेव्हा मराठी येत नव्हते. त्या चार दिवसांचे आभार मानावयाचे राहूनच गेले होते. लग्न हे निमित्त. बोलावयाचे होते ते खरे आजींशी. तो म्हणाला, “टाळ्या नकोत. आजींना कळले पाहिजे.” ही एक अट आम्ही मनाशी धरली आणि पुढचे सर्व काम तिच्यावरून ठरविले.

त्याने स्वतः एक कच्चा मजकूर आणला होता. देवनागरी लिपी हिंदीची आणि मराठीची एकच, शब्दही पुष्कळ सारखे. तेव्हा हिंदी वाक्याचे प्रत्यय बदलले की मराठी झाले, असा त्याचा समज होता. दुसऱ्याच ओळीत लिहिले होते, “माझ्या मित्राने मला खूप शिक्षा दिली.” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय ते शाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पुढे होते, “मी मराठी बोलण्याची चेष्टा करतो.” त्यास म्हणावयाचे होते की मी प्रयत्न करतो, आजींनी ऐकले असते की हा आपल्या भाषेची थट्टा करतो. शेवटी “तुमचा संसार सुखी होवो” हे वाक्य बिनचूक होते, पण तेही अजाणता. त्याच्या मनात संसार म्हणजे अवघे जग होते. मराठीत संसार म्हणजे चूल, पाणी, मुलेबाळे, असे आम्ही सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मग हा शब्द ठेवा.” सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा धोका अनोळखी शब्दांहून मोठा. अनोळखी शब्द माणूस विचारतो. ओळखीचा वाटणारा तो विचारीतच नाही.

तो मजकूर बाजूस ठेवून आम्ही एक मजकूर लिहिला. सांगावयास संकोच वाटतो, परंतु तो पहिला मजकूर फसला. “आजच्या या मंगलप्रसंगी उभयतांस अनंत शुभेच्छा अर्पण करताना” असा त्याचा आरंभ होता. लखनौकराने तो सहज वाचला. संस्कृत शब्द त्यास हिंदीतून परिचितच होते. आम्ही मोरोपंतांच्या गावचे रहिवासी, अशा भाषेत आम्हांसही गोडी. पण तो वाचीत असताना अट आठवली. हे आजींना कळणार नव्हते. शिवाय त्यात ताप नव्हता, मळा नव्हता, भाकरी नव्हती. असा मजकूर कोणीही कोणाच्याही लग्नात वाचावा.

मग आम्ही त्यास एवढेच विचारले, “तुला आजींना काय सांगावयाचे आहे ते हिंदीत, दहा वाक्यांत सांग.” तो सांगत गेला, आम्ही एकेक वाक्य मराठीत उतरवीत गेलो. नियम दोनच ठेवले. एका वाक्यात एकच गोष्ट असावी, आणि कोणतेही वाक्य सहा शब्दांपलीकडे जाऊ नये. परभाषेत बोलणाराचा श्वास आणि धीर सहा शब्दांपर्यंत टिकतो. ‘ज्याने’, ‘त्याने’, ‘की’ अशा जोडांनी वाक्य लांबले की तो मध्येच हिंदीत घसरतो. लेखी ‘माझे’, ‘दिले’ ही रूपेही टाळली आणि बोलण्यातली ‘माझं’, ‘दिलं’ अशी ठेवली, कारण हे बोलावयाचे होते. जो मजकूर कायम झाला तो असा:

“नमस्कार. मी लखनौचा. चार वर्षांपूर्वी मी बारामतीला आलो. तेव्हा मला इथं कोणी ओळखत नव्हतं. हा माझा पहिला मित्र.

एकदा मला ताप आला. हा मला तुमच्या मळ्यात घेऊन आला. आजी, तुम्ही मला जवळ बसवलं. भाकरी दिली, दूध दिलं. ‘तू कोण, कुठला’ असं विचारलं नाही. त्या दिवसापासून हे माझं घर आहे.

वहिनी, हा माणूस फार चांगला आहे. पण आपलं दुखणं सांगत नाही. तुम्ही जरा विचारत जा.

आमची मैत्री आम्ही सांभाळू. संसार तुम्ही दोघं सांभाळा. सुखी राहा.”

मोजून चौऱ्याहत्तर शब्द. यातील एका शब्दावरून वादही झाला, आणि तो शब्द कठीण नव्हता. ‘तुम्ही’ हा तो शब्द. लखनौचा मुलगा वडील माणसास ‘आप’ म्हणावयास शिकलेला. हिंदीतले ‘तुम’ तेथे बरोबरीच्यास किंवा धाकट्यास. ‘तुम्ही’ ऐकताच त्यास ‘तुम’ आठवे आणि आजींचा अपमान होईल असे वाटे. त्यास ‘आपण’ हवे होते. आम्ही समजाविले की मराठीत आदरास ‘तुम्ही’ पुरते. मळ्यावरच्या घरात ‘आपण’ म्हटले तर ते कचेरीतल्या साहेबास म्हटल्यासारखे होईल. आणि ‘आपण’ म्हणजे ‘आपण सगळे मिळून’ असाही अर्थ निघतो, तो घोटाळा वेगळाच. मित्राच्या बायकोस मात्र त्याने आपणहून ‘वहिनी’ म्हटले. ‘भाभी’स आपल्याकडे काय म्हणतात ते तो आधीच शिकून आला होता.

आता उच्चारांकडे वळू. येथे आम्ही सर्व चुका काढीत बसलो असतो तर लग्न होऊन बारसेही पार पडले असते. तेव्हा ठरविले की ज्या चुकीने अर्थ बदलतो किंवा ऐकणारा अडतो, तेवढीच धरावयाची. अशा गोष्टी चार निघाल्या.

पहिली ‘ळ’. आजच्या हिंदीत हा वर्ण नाही. हिंदी बोलणारा त्याचा ‘ल’ करतो, किंवा जोर लावला तर ‘ड़’ करतो. आता मजकुरातले वाक्य पाहा: “हा मला तुमच्या मळ्यात घेऊन आला.” त्यातच ‘मला’ आहे आणि त्यातच ‘मळा’ आहे! ‘ळ’ चुकला की मळाच नाहीसा होतो. काळ आणि काल, वेळ आणि वेल, केळी आणि केली, अशी कितीतरी जोडपी या एका वर्णावर उभी आहेत. आम्हांस क्षणभर मोह झाला की ‘ळ’ असलेले शब्दच गाळावे. मोरोपंतांनी ओठांनी उच्चारावयाचे सर्व वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचले. आम्हांस चौऱ्याहत्तर शब्दांत एक वर्ण टाळता येऊ नये काय? परंतु मळ्यास शेत म्हटले तर आजींचा मळा राहत नाही, आणि ‘जवळ बसवलं’ यास दुसरा शब्द आम्हांस सुचला नाही. वर्ण टाळण्याऐवजी शिकावयाचे ठरले.

तो असा शिकविला. प्रथम ‘ट’ म्हणावयास सांगितले. ‘ट’ म्हणताना जिभेचे टोक वर वळून टाळूस कोठे लागते ते त्याने ध्यानात घेतले. मग जीभ तेथेच टेकलेली ठेवून ‘ल’ म्हणावयाचा प्रयत्न केला. ‘ल’मध्ये वारा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जातो, येथेही तसाच जावयास हवा, फक्त टोक दातांमागे न राहता वर वळलेले. जीभ झटक्याने खाली आपटली तर ‘ड़’ होतो, हळूच सोडली तर ‘ळ’. चूक ओळखण्याची खूण ही की ‘ळ’ लांबविता येतो, ‘ड़’ लांबविता येत नाही. त्यास ‘जवळ’ हा शब्द म्हणताना शेवटचा वर्ण दोन क्षण धरून ठेवावयास लावला. धरता आला की बरोबर. तीन संध्याकाळी यातच गेल्या. मजकुरात असे शब्द पाच आहेत: ओळखत, मळ्यात, जवळ, सांभाळू आणि सांभाळा.

दुसरी गोष्ट ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’. या वर्णांचे आपण दोन-दोन उच्चार करतो आणि लिहिताना भेद दाखवीत नाही, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आले असेल? ‘चार’ म्हणा आणि ‘चारा’ म्हणा. अक्षर तेच, पण पहिल्यात जीभ टाळूस लागते, दुसऱ्यात दातांच्या मागे. व्याकरणकार पहिल्यास तालव्य व दुसऱ्यास दंततालव्य म्हणतात. हिंदीत केवळ पहिला आहे. म्हणून हिंदी माणूस ‘चांगला’ म्हणतो तेव्हा त्याचे परकेपण त्या एका अक्षरात कळते. सर्वसाधारण नियम असा की पुढे इ, ई, ए किंवा य आला तर उच्चार तालव्य होतो, जसे ‘आजी’, ‘आमची’, ‘तुमच्या’. इतर स्वरांपुढे मराठमोळ्या शब्दांत तो दंततालव्य होतो, जसे ‘माझा’, ‘जवळ’, ‘चांगला’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र तालव्यच राहतात. ‘विचार’ हा तसा. आणि ‘चार’ सारखा एखादा शब्द नियमास जुमानीत नाही. याहून बारीक गोष्ट म्हणजे ‘माझे घर’ आणि ‘माझे मित्र’ यांतील दोन ‘माझे’. लिहिताना एकच, परंतु घराच्या ‘माझे’त ‘झ’ दातांकडे आहे आणि मित्रांच्या ‘माझे’त तो टाळूकडे गेला आहे. आपण हे जन्मभर बिनचूक करतो आणि कोणी विचारले तर सांगता येत नाही.

हे सर्व त्या तरुणास सांगणे म्हणजे तहानेल्यास विहीर खणावयास लावणे. त्यास नियम नको होता, खूण हवी होती. आम्ही मजकुरातील दंततालव्य अक्षरांखाली तांबड्या शाईने टिंब दिले: लखनौचा, माझा, जवळ, माझं, चांगला, जरा, जा. एकूण सात शब्द. ‘च’चा उच्चार त्याच्या तोंडी आधीच होता, तो फक्त दाखवून द्यावा लागला. त्यास ‘उत्सव’ म्हणावयास लावले, त्यातील ‘त्स’ वेगळा काढला आणि ‘त्सांगला’ असे म्हणवून घेतले. ‘ज’करिता तर लखनौच कामी आले. तिकडे ‘ज़मीन’ आणि ‘ज़रा’ हे शब्द टिंबासह नीट उच्चारतात; तो उच्चार आपल्या दंततालव्य ‘ज’च्या अगदी जवळ आहे. किंबहुना आपला ‘जरा’ हा शब्द मूळचा तोच, फारसीतून आलेला. पण आम्ही प्रथम तो टिंबाशिवाय लिहिला होता, म्हणून त्याने टाळूवरचा ‘ज’ वाचला, आणि तसा वाचला की ‘जरा’ म्हणजे संस्कृतातील म्हातारपण! नव्या नवरीस म्हातारपणाची आठवण करून देणे बरे नव्हे. टिंब पडताच तो शब्द तत्क्षणी सुधारला.

येथे एक वेगळीच चूक उद्भवली, ती सांगितली पाहिजे. दंततालव्य ‘च’ साधल्यावर तो त्यास इतका आवडला की तो सर्वत्र तोच म्हणू लागला. ‘त्सार वर्षांपूर्वी’, ‘वित्सारलं’, ‘आमत्सी मैत्री’ असे सुरू झाले. नव्याने शिकलेला उच्चार असा उतू जातो. उपाय सोपा होता: टिंब असेल तेथेच नवा उच्चार, नसेल तेथे हिंदीप्रमाणे. टिंब नसलेले असे शब्दही सहा होते, आणि ते त्यास फुकटच मिळाले.

तिसरी गोष्ट शब्दाच्या शेवटच्या अनुस्वाराची. इथं, नव्हतं, बसवलं, दिलं, असं, विचारलं, माझं, आपलं, दुखणं, दोघं असे दहा शब्द मजकुरात आहेत. हिंदी वाचणारा अनुस्वार दिसला की नाकात बोलतो, किंवा शेवटी ‘म’ लावतो. आपण या जागी नाकाचा उपयोगच करीत नाही. केवळ शेवटचा ‘अ’ थोडा लांबवितो. म्हणून त्याच्या कागदावर आम्ही ‘माझऽ’, ‘दिलऽ’ असे लिहून दिले. ऽ ही खूण स्वर लांबविण्याची, हे तो जाणत होता. एका संध्याकाळी काम झाले. ‘सांगत’ आणि ‘सांभाळा’ यांतील अनुस्वार मात्र खरे, ते तसेच ठेवले.

चौथी गोष्ट ‘मैत्री’. हिंदीत ‘ऐ’चा उच्चार एकसंध आणि पसरट होतो, आपण ‘अ’ आणि ‘इ’ असे दोन्ही ऐकू येतील असा करतो. त्यास ‘मइत्री’ असे लिहून दिले. याच ओढीने ‘वहिनी’ही तो पसरट म्हणे, म्हणून तेथे तीन अक्षरे सुटी म्हणावयास लाविली.

‘ण’ आम्ही मुद्दाम सोडून दिला. त्याच्या तोंडी ‘कोन’, ‘दुखनं’ असे येई, आणि शुद्धलेखनाच्या सवयीने आमचा हात पेन्सिलीकडे जाई. परंतु इंदापूरकडील आजी स्वतः ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणणाऱ्या. त्यांच्या कानास ते खटकणार नव्हते, उलट घरचे वाटले असते. त्याच आजी ‘मळा’ यास ‘मला’ कधी म्हणणार नाहीत. शाळेच्या परीक्षेत कदाचित ‘ण’ चुकल्याचे गुण जातील. येथे परीक्षक निराळा होता.

या टिपणी हिंदी माणसाकरिता आहेत, हे ध्यानात असू द्यावे. गुजराती किंवा कानडी मित्र आला तर ‘ळ’ आणि ‘ण’ त्याच्या घरचेच. तेलुगू मित्रास दोन प्रकारचा ‘च’ नवीन नाही. ज्याच्या तोंडी जे आधीच आहे ते त्यास शिकवू नये.

उजळणीची रीत अशी ठेवली. रोज सायंकाळी मजकूर तीनदाच म्हणावयाचा. प्रथम वाक्यागणिक थांबून, मग चार भाग करून, मग सलग. आम्ही म्हटलेला मजकूर त्याने मोबाईलवर उतरवून घेतला आणि कामावर जाता-येता ऐकला. सातव्या दिवशी परीक्षा घेतली. आम्ही परीक्षक होऊन उपयोग नव्हता, कारण आम्हांस मजकूर पाठ. चुकले तरी आम्हांस बरोबरच ऐकू येणार. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा बोलाविला, लखनौकरास त्याच्याकडे पाठ करून बोलावयास लावले आणि मुलास विचारले, “काय कळले?” मुलाने सर्व सांगितले, फक्त म्हणाला, “ते काका त्याला कशात घेऊन गेले?” म्हणजे ‘मळ्यात’ अजून कच्चा होता. ‘ळ’ला ‘य’ जोडला की जीभ लवकर खाली येते. मग ‘मळा’, ‘मळे’, ‘मळ्यात’ अशी चढण करून तो शब्द आणखी तीन दिवस घोटला.

बोलावयाचे केव्हा, हाही प्रश्न होता. लग्न इंदापूरच्या एका मोठ्या कार्यालयात. अक्षतांपूर्वी पुढाऱ्यांचे आशीर्वाद, नंतर पंगतीची आणि आहेराची घाई. ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात परक्याचा कोवळा उच्चार कोणास कळणार? आम्ही सुचविले की लग्नानंतर मळ्यावर पूजा असते, तेव्हा बोलावे. नवरा-नवरी पाटावर असतात, घरची आणि भावकीतली पन्नास-साठ माणसे असतात, आणि आजी दारातच बसलेल्या असतात. ध्वनिक्षेपक लागत नाही. हे त्याच्या मित्राच्या वडिलांसही पटले.

पूजेच्या दिवशी आम्हांसही बोलावणे होते. आरती झाली, तीर्थप्रसाद झाला. लखनौकर कागद हातात घेऊन उभा राहिला. कागद पाठ असला तरी हातात ठेवावयास आम्हीच सांगितले होते. न पाहिला तरी त्याचा आधार असतो. “मी लखनौचा” हे पहिलेच टिंब बरोबर पडले आणि आम्ही श्वास सोडला. ‘मळ्यात’ नीट आला. “आजी, तुम्ही मला जवळ बसवलं” असे म्हणून तो थांबला. तेथे थांबावयाचे ठरले नव्हते. आजींनी पदर डोळ्यांस लावला होता, आणि तो पुढचे वाक्य विसरला होता. कागदाकडे पाहून त्याने भाकरीचे वाक्य उचलले. शेवटी ‘सांभाळा’ऐवजी ‘संभालो’ असे हिंदीत गेले. कोणीही हसले नाही, कारण अर्थ तोच होता आणि तो सर्वांस कळला होता.

तो खाली बसला तशा आजी म्हणाल्या, “आरं, तवा इचारायचं राहूनच गेलं. आता सांग, तुझ्या घरी कोन कोन असतं?”

चार वर्षांनी तो प्रश्न आला. त्याचे उत्तर कागदावर नव्हते. ते त्याने मोडक्यातोडक्या मराठीत, बिनटिंबाचे, पुष्कळ चुका करीत दिले. आम्ही एकही दुरुस्ती केली नाही. त्या वेळी आमच्या ध्यानात आले की आम्ही दहा संध्याकाळी ज्यास भाषण समजत होतो, तो संभाषणाचा केवळ आरंभ होता.

आपल्या घरातील मुले आता नाना प्रांतांच्या मुलांबरोबर काम करतात. उद्या आपल्याही दारी असा कोणी येईल, किंवा आपलाच मुलगा परप्रांतातील मित्राच्या लग्नात त्यांच्या भाषेत बोलू इच्छील. तेव्हा त्यास आधी एकच विचारावे, की हे कोणास कळावयास हवे आहे? पुढचे शब्द, उच्चार आणि टिंबे त्या उत्तरावरून ठरवावीत. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. ज्यास नमुना हवा असेल त्याने घरी यावे.